कशाचे टक्के?

बँकेच्या क्लार्क पदाची पूर्वपरीक्षा दुसऱ्यांदा हुकली, तेव्हा मी अंकगणिताच्या चुका एका वहीत उतरवून काढायच्या ठरवल्या. या भागात 35 प्रश्न असतात आणि वेळ असतो 20 मिनिटं. चुकलेल्या उत्तराचा पाव गुण जातो. नवी पेठेतल्या अभ्यासिकेत बसून मी सराव चाचण्यांचे कागद पुन्हा चाळले, तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली. नफा-तोट्याची साधी गणितं मला येत होती. खरेदी किंमत दिलेली असेल किंवा छापील किंमत दिलेली असेल, तर मी चुकत नव्हते. पण दोन्ही किमती झाकून ठेवल्या आणि फक्त सवलतीचे, नफ्याचे टक्के दिले की माझं उत्तर हमखास चुकायचं, आणि तेही पर्यायांत असलेलं चुकीचं उत्तर यायचं.

वहीतलं पहिलं गणित हे होतं:

एका वस्तूच्या छापील किमतीवर 20 टक्के आणि मग 10 टक्के अशा लागोपाठ दोन सवलती देऊनही दुकानदाराला 8 टक्के नफा होतो. दुसरी सवलत दिली नसती, तर त्याचा नफा 96 रुपयांनी वाढला असता. तर वस्तूची खरेदी किंमत किती?

मी काय केलं होतं, ते रफ कागदावर अजून होतं. छापील किंमत 100 धरली. 20 टक्के गेले, 80 राहिले. त्यावर 10 टक्के गेले, 72 राहिले. इथपर्यंत बरोबर. मग नफा 8, म्हणून खरेदी 72 वजा 8, म्हणजे 64. दुसरी सवलत नसती तर विक्री 80 ला झाली असती, नफा 16, म्हणजे 8 ने जास्त. 8 म्हणजे 96 रुपये, तर 1 म्हणजे 12 रुपये. खरेदी 64 गुणिले 12, 768 रुपये. पर्यायांत 768 होतं. मी ते निवडून पुढे गेले होते. बरोबर उत्तर 800 होतं.

उत्तर कळूनही माझं नेमकं कुठे चुकलं, ते मला दोन दिवस दिसलं नाही. प्रत्येक पायरी पटत होती.

माझा मामा लक्ष्मी रस्त्यावर एका कापड दुकानात पंचवीसेक वर्षं विक्रीला आहे. मी मूळची फलटणची, पण पुण्यात आल्यापासून रविवारी दुपारी त्याच्याकडे जेवायला जाते. त्या रविवारी दुकान सणासाठी उघडं होतं, म्हणून डबा घेऊन मीच दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. गादीच्या कडेला बसून मी त्याला गणित वाचून दाखवलं.

मामानं शेजारच्या गठ्ठ्यातली एक साडी ओढली आणि तिचं लेबल माझ्यापुढे धरलं. वर छापील किंमत होती, 3,000. खाली कोपऱ्यात पेनानं चार अक्षरं लिहिली होती. ती खरेदी किंमत. जुन्या दुकानांत ही पद्धत असते. दहा वेगवेगळ्या अक्षरांचा एक शब्द किंवा छोटं वाक्य ठरवलेलं असतं, प्रत्येक अक्षर म्हणजे एक आकडा. विकणाऱ्याला लेबल बघताच कळतं की किती खाली यायचं, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला कळत नाही.

“ही दोन हजाराची खरेदी आहे,” मामा म्हणाला. “सणाला वीस टक्के सोडतो. ओळखीचं गिऱ्हाईक असेल तर वर दहा. मग दुकानाला किती सुटतं?”

मी हिशेब केला. 3,000 चे 2,400, त्याचे 2,160. 160 रुपये सुटतात.

“160 म्हणजे किती टक्के?”

2,000 वर 160, म्हणजे 8 टक्के. माझ्याच गणितातली सगळी टक्केवारी समोर होती, फक्त किमती उघड्या होत्या.

“आता तुझ्या रीतीनं कर,” तो म्हणाला. “छापीलचे आठ टक्के किती?”

3,000 चे 8 टक्के म्हणजे 240. मी माझ्या रीतीनं केलं असतं, तर 2,160 मधून 240 वजा करून खरेदी 1,920 काढली असती. आणि साडीची खरेदी तर 2,000 होती.

“अगं, सूट गिऱ्हाईक मागतं ती लेबलवरच्या किमतीवर. नफा मालक मोजतो तो स्वतः घातलेल्या पैशावर. तू दोघांचे आठ एकत्र केलेस. प्रत्येक टक्क्याला विचारायचं, तू कशाचा?”

मग मला कागदावर दिसलं. मी छापील किंमत 100 धरली होती, तिथपर्यंत ठीक. पण नफ्याचे 8 टक्के खरेदीवर असतात, आणि ते 8 वजा करताना मी खरेदीही गुपचूप 100 च धरली होती. एकाच गणितात दोन वेगळ्या किमतींना शंभर केलं होतं. या गणितात ते ओळखणं आणखी अवघड होतं, कारण दुसरी सवलत 80 चे 10 टक्के, म्हणजे छापील किमतीचे 8 टक्केच येते. नफाही 8 टक्के. दोन आठ, दोघांची घरं वेगळी.

त्यानंतर मी ही गणितं करण्याची पद्धत बदलली. 100 फक्त एकाच किमतीला धरायचे किंवा कुणालाच धरायचे नाहीत. विक्री किंमत ही एकच अशी किंमत आहे जिच्यापर्यंत दोन्ही बाजूंनी पोचता येतं, छापील किमतीकडून सूट वजा करत आणि खरेदीकडून नफा मिळवत. म्हणून दोन्ही वाटा विक्रीपाशी जोडायच्या. छापीलचे 100 तले 72 म्हणजे विक्री. खरेदीच्या 100 चे 108 म्हणजेही विक्री. म्हणजे 72 वेळा छापील बरोबर 108 वेळा खरेदी. दोन्हीला 36 नं भाग जातो, म्हणून 2 वेळा छापील बरोबर 3 वेळा खरेदी. खरेदी 2 तर छापील 3. मामाच्या भाषेत, छापील दीडपट.

इथे थांबून मी एक गोष्ट बराच वेळ बघत बसले. या गणितातली वस्तू आणि मामाची साडी, दोन्हींचं नातं 2 ला 3 हेच आहे. मग एकीची खरेदी 800 आणि दुसरीची 2,000 कशी? कारण टक्के फक्त किमतींमधलं नातं सांगतात. किमती किती मोठ्या आहेत, ते त्यांना माहीत नसतं. त्यासाठी गणितात निदान एक रुपयांतला आकडा लागतो. इथे तो 96 आहे. म्हणून मी आता रुपयांतला आकडा आधी शोधते आणि तो कोणत्या किमतीचा किती भाग आहे ते ठरवते. दुसरी सवलत नसती तर वाढलेला नफा म्हणजे ती सवलतच, आणि ती छापील किमतीचे 8 टक्के. 8 टक्के म्हणजे 96, तर छापील किंमत 1,200. खरेदी तिची दोन तृतीयांश, 800. प्रश्नात रुपयांचा आकडाच नसेल, तर खरेदी किंमत विचारताच येत नाही, फक्त टक्के किंवा किमतींचं गुणोत्तर विचारता येतं. पर्यायांत ‘माहिती अपुरी’ असेल तेव्हा मी सगळ्यात आधी हे तपासते.

माझ्या चुकीच्या पद्धतीतही छापील किंमत 1,200 च येत होती, कारण 96 चा हिशेब बरोबर होता. म्हणूनच अर्धं बरोबर गणित पटत राहिलं. ते पकडायचं तर उत्तर उलटं चालवून बघायला हवं होतं. खरेदी 768, विक्री 864, नफा 96. 768 चा आठवा भाग 96 असतो, म्हणजे नफा साडेबारा टक्के. प्रश्न 8 म्हणतो. दहा सेकंदांचं काम होतं.

या पडताळणीनं पुढे मला आणखी एका गणितात वाचवलं. त्यात लेबलची किंमतही नव्हती आणि नफ्याचा टक्काही नव्हता. 25 टक्के सूट देऊन विकलं तर 60 रुपये तोटा, 10 टक्के सूट देऊन विकलं तर 120 रुपये नफा, छापील आणि खरेदी किंमत काढा. मी घाईत 120 मधून 60 वजा केले. दोन सुटींतला फरक 15 टक्के, तो 60 रुपये, म्हणून छापील 400. मग तपासलं. 25 टक्के सूट गेल्यावर 300, तोटा 60, म्हणून खरेदी 360. आणि 10 टक्के सूट दिली तर विक्रीही 360, नफा शून्य. चूक लगेच दिसली. तोट्यातून नफ्यात येताना आधी 60 भरून काढायचे आणि मग 120 कमवायचे असतात, म्हणून फरक 180 चा. 15 टक्के म्हणजे 180, छापील 1,200, त्यावर 25 टक्के सूट म्हणजे 900, खरेदी 960. आणि 10 टक्क्यांनी 1,080, नफा बरोबर 120.

मामानं त्या दिवशी आणखी एक गोष्ट दाखवली. टक्क्यांच्या सवलती कुठल्याही क्रमानं दिल्या, आधी 10 मग 20 किंवा आधी 20 मग 10, तरी साडी 2,160 लाच जाते. पण गिऱ्हाईक वर ‘शंभर रुपये सोडा’ म्हणालं, तर ते शंभर कधी सोडले यावर फरक पडतो. शेवटी सोडले तर 2,060. आधी 3,000 मधून सोडून मग सवलती लावल्या तर 2,900 चे 2,088. त्या शंभरावरही सूट बसते, म्हणून गिऱ्हाइकाच्या हातात प्रत्यक्षात 72 च पडतात. गणितात टक्के आणि ठोक सूट एकत्र आली की मी आता प्रश्नातला क्रम अधोरेखित करते.

त्यानंतरच्या दोन महिन्यांत मी वहीतली अशी सदतीस गणितं पुन्हा सोडवली. पुढच्या सराव चाचण्यांत या प्रकाराला मला मिनिटाच्या आत उत्तर येऊ लागलं.

दिवाळीच्या आधी पुन्हा डबा घेऊन दुकानात गेले होते. मामा एका पैठणीची घडी घालत होता. लेबलवर 4,500 छापलेलं होतं आणि खाली ती चार अक्षरं. मी विचारलं, “मामा, हिच्यावरही तेच वीस आणि दहा? आणि तेच आठ टक्के सुटतात?” तो हो म्हणाला. मी म्हटलं, “मग हिची खरेदी तीन हजार.” शेवटची तीन अक्षरं त्या पहिल्या साडीवरचीच होती, एकच अक्षर तीनदा. पहिलं अक्षर नवीन होतं, म्हणजे ते 3. मामानं माझ्याकडे बघितलं, लेबल उलटं केलं आणि साडी कपाटात ठेवून दिली.