पंचवीस कॅरी, सत्तावन्न यार्ड

न्यू जर्सीत २०१८पासून खेळांवरची बेटिंग कायदेशीर आहे. मी मात्र त्यात पडलो ते अमेरिकन फुटबॉलमधल्या सॅक्वॉन बार्कलीमुळे. आमच्या न्यू यॉर्क जायंट्सकडून तो फिलाडेल्फिया ईगल्सकडे गेला. चेंडू हातात घेऊन धावण्याची एक खेप म्हणजे एक कॅरी. २०२४च्या मोसमात तो ३४५ कॅरीत २००५ यार्ड धावला, म्हणजे कॅरीमागे ५.८. आधीच जखम, त्यावर हे मीठ. म्हटलं, निदान त्याच्यावर चार डॉलर तरी कमवू.

९ फेब्रुवारी २०२५ला ईगल्स विरुद्ध कॅन्सस सिटी चीफ्स असा सुपर बोल, म्हणजे मोसमाचा अंतिम सामना होता. बार्कली किती यार्ड धावेल याचा एक आकडा बुकी ठरवतो, ती लाइन; तो त्याच्या वर जाईल म्हणून पैसे लावले की ओव्हर घेतली. बार्कलीची लाइन शंभराच्या बरीच वर होती. हिशेब सोपा व्हावा म्हणून इथे ११० धरतो. मी आठवडाभर एक्सेल घेऊन बसलो आणि सगळ्यात जास्त वेळ घालवला तो कॅरींच्या आकड्यावर.

मोसमाची सरासरी सामन्याला साडेएकवीस कॅरींची. पण हा आकडा सामना कसा वळतो त्यावर हलतो. पुढे असलेला संघ घड्याळ खाण्यासाठी धावतो, मागे पडलेला पास फेकत सुटतो. मात्र ‘मोठा विजय म्हणजे भरपूर कॅरी’ असंही नाही. आदल्याच सामन्यात ईगल्सनी वॉशिंग्टनला ५५-२३ असं धुतलं, तरी बार्कलीच्या वाट्याला १५च कॅरी आल्या. वॉशिंग्टनने चारदा चेंडू गमावला, त्यामुळे मैदान आखूड झालं, आणि गोललाइनजवळचं काम पास फेकणारा क्वार्टरबॅक हर्ट्स स्वतःच धावून उरकतो. बुकीच्या मते सुपर बोल जवळजवळ बरोबरीचा होता, चीफ्स किंचित वरचढ. मी २२ कॅरी धरल्या. त्यांना ५.८ने गुणलं की १२७ येतात. धावणाऱ्याला अडवण्यात चीफ्सचा डिफेन्स चांगला, म्हणून पाच-सात यार्ड कापले आणि ओव्हरवर ५५ डॉलर लावले. जिंकलो तर वर ५० मिळणार होते. या भावात शंभरातल्या साधारण ५३ बेट जिंकल्या तरच माणूस तोट्यातून बाहेर राहतो, हेही लिहून ठेवलं होतं. अभ्यासू माणूस ना मी!

मध्यंतराला ईगल्स २४-० पुढे. बायको म्हणाली, “मग जिंकलास की!” सामना माझ्या बाजूने वळला होता, कॅरी २२ नाही तर चक्क २५ मिळाल्या. यार्ड झाले ५७.

दोन दिवस चरफडलो आणि मग प्लेऑफचे, म्हणजे बाद फेरीचे आधीचे तीन सामने उघडले. ग्रीन बेविरुद्ध २५ कॅरीत ११९. रॅम्सविरुद्ध २६ कॅरीत २०५, पण त्यात ६२ आणि ७८ यार्डांच्या दोनच धावा १४०च्या. उरलेल्या २४ कॅरीत ६५ यार्ड! वॉशिंग्टनविरुद्ध ११८, त्यातले ६० पहिल्याच कॅरीवर. म्हणजे सुपर बोलमधली कामगिरी रॅम्सविरुद्धच्या सामन्यासारखीच होती, फक्त त्या दोन धावा वजा.

इथे माझी चूक दिसली. त्या तीन लांब धावा वगळल्या तर ६३ कॅरीत २४२ यार्ड उरतात, कॅरीमागे ३.८. सरासरी फुगते ती मोजक्या धावांनी, पण बेट सरासरीवर नसते. लाइनच्या एक यार्ड वर गेलं काय आणि नव्वद यार्ड वर गेलं काय, पैसे तेवढेच. मला हवा होता मध्यक, म्हणजे निम्मे सामने ज्याच्या खाली आणि निम्मे वर जातील तो आकडा. बार्कलीसारख्या खेळाडूचा मध्यक सरासरीच्या खाली बसतो.

तरी २५ गुणिले ३.८ म्हणजे ९५ व्हायला हवे होते. उरलेली तूट डिफेन्सची. चीफ्सनी सगळा जोर बार्कलीला अडवण्यावर लावला आणि हर्ट्सला मोकळीक दिली. त्याने स्वतः ११ कॅरीत ७२ यार्ड काढले, वर दोन टचडाउन पास. सामना चीफ्सनी ४०-२२ असा गमावला, पण माझे ५५ डॉलर मात्र नेमके बुडवले. डिफेन्स कुणाला अडवायचं ते निवडतो, आणि ते मी कापलेल्या पाच-सात यार्डांत मावणारं नव्हतं. शिवाय सामन्यामागे दिलेले यार्ड बघूनही फसायला होतं. सतत पुढे असणाऱ्या संघासमोर प्रतिस्पर्धी धावतच नाहीत, त्यामुळे तो आकडा आपोआप छान दिसतो. म्हणून आता मी कॅरीमागे दिलेले यार्ड बघतो.

आणि गणित उलटीकडून मांडतो. लाइन ११० असेल तर ३.८ने किती कॅरी लागतील? २९. इतक्या कॅरी त्याला त्या चारही सामन्यांत एकदाही मिळाल्या नव्हत्या. म्हणजे ओव्हर घेणं ही खरं तर एका लांब धावेवरची बेट होती, आणि मी समजत होतो की मी कॅरींवर लावलीय.