80 गुणांचा पेपर, 28 ची रेषा आणि आयतालेखाचा वर्ग किती रुंद

दहावीच्या पूर्वपरीक्षेचा इंग्रजीचा पेपर, लेखी 80 गुणांचा. तीन तुकड्या मिळून पटावर 128 मुलं, त्यांपैकी 3 गैरहजर. शाळेला पालकसभेत दाखवण्यासाठी एका पानावर निकालाचं चित्र हवं होतं. सरासरी 41 आली, पण तेवढ्यावरून कुणाला काहीच कळत नाही. 41 च्या आसपास सगळी मुलं गोळा झाली आहेत, की निम्मी वर आणि निम्मी खाली आहेत, हे पाहायला आयतालेखच लागतो. या कामात सगळ्यात जास्त वेळ गेला तो वर्ग किती गुणांचा घ्यायचा हे ठरवण्यात, म्हणून तेच सविस्तर लिहितो.

आधी यादी साफ केली. गैरहजर मुलांपुढे काही ठिकाणी 0 होता, काही ठिकाणी AB. शून्य गुण मिळणं आणि पेपरला न येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे तिघांपुढेही AB केलं. एक्सेल मजकूर मोजत नाही, म्हणून `COUNT` ने बरोबर 125 दाखवले. हा आकडा कागदावर लिहून ठेवला, कारण शेवटी सगळ्या स्तंभांची बेरीज याच्याशी जुळवायची असते.

मग गुण निवडून Insert मधून थेट Histogram काढून पाहिला. एक्सेल वर्गाची रुंदी आपोआप ठरवतं, त्यासाठी ते स्कॉटचा नियम वापरतं: `3.49 × प्रमाण विचलन ÷ n चं घनमूळ`. इथे प्रमाण विचलन 15.8 आणि 125 चं घनमूळ 5, म्हणजे रुंदी साधारण 11. सुरुवात सर्वांत कमी गुणांपासून, म्हणजे 9 पासून. त्यामुळे वर्ग झाले 9 ते 20, मग 20 च्या वर ते 31, मग 31 च्या वर ते 42, असे. चित्र गुळगुळीत आणि देखणं दिसत होतं, पण त्याचा उपयोग नव्हता. 80 चे 35 टक्के म्हणजे 28, आणि ही उत्तीर्णतेची रेषा दुसऱ्या स्तंभाच्या पोटात गेली होती. त्या स्तंभात 29 मुलं होती, त्यातली 11 नापास आणि 18 पास. पालकांचा पहिला प्रश्न असतो ‘किती राहिले?’, आणि या चित्रावरून त्याचं उत्तर देता येत नाही.

दहा-दहाचे वर्ग घेण्याची आपल्याला सवय असते, पण इथे त्यानेही तेच झालं. 20 ते 29 मध्ये 27 मुलं, त्यातली 13 नापास, 14 पास. 100 गुणांच्या पेपरात 35 ची रेषा पाचच्या वर्गाच्या सीमेवर बसते, पण 80 च्या पेपरात 28 ही संख्या पाचच्याही पाढ्यात नाही आणि दहाच्याही. म्हणून मी उलटा विचार केला. रेषा आधी पक्की, रुंदी नंतर. शून्यापासून सुरुवात केली तर 28 ला निःशेष भाग जाणाऱ्या रुंदी 2, 4, 7 आणि 14. यांपैकी कोणतीही घेतली तरी 27 एका वर्गात आणि 28 पुढच्या वर्गात पडतो.

यातली कोणती घ्यायची, इथे सूत्रांचा उपयोग झाला, पण फक्त अंदाजापुरता. फ्रीडमन-डायकोनिस नियमात चतुर्थकांमधल्या अंतराची दुप्पट घेऊन n च्या घनमुळाने भागतात. इथे पहिलं चतुर्थक, म्हणजे क्रमाने लावल्यावर खालची पाव मुलं जिथे संपतात तो गुण, 28, तिसरं, म्हणजे वरची पाव मुलं जिथे सुरू होतात तो, 53, अंतर 25, म्हणून 50 ÷ 5 = 10. स्टर्जेसच्या नियमाने 8 वर्ग येतात. कमाल 76 आणि किमान 9, फरक 67, म्हणजे रुंदी साधारण 8. तिन्ही सूत्रं 8 ते 11 सांगतात. त्यांच्या सगळ्यात जवळची आणि रेषेवर बसणारी रुंदी 7. स्तंभ दहा झाले, तेवढे एका नजरेत मावतात.

रुंदी पूर्णांकातच हवी, हे सूत्रं सांगत नाहीत. गुण पूर्णांकात असताना रुंदी 2.5 घेतली की पहिल्या वर्गात 0, 1, 2 असे तीन गुण येतात, दुसऱ्यात 3 आणि 4 असे दोनच, तिसऱ्यात पुन्हा तीन. एक स्तंभ उंच, पुढचा बुटका, असा कंगव्यासारखा आलेख दिसतो आणि पाहणारा त्यात मुलांबद्दलचा अर्थ शोधत बसतो. उंच-बुटके स्तंभ ठरावीक अंतराने येत असतील, तर मुलांकडे पाहण्याआधी रुंदी तपासावी.

सीमांची भानगड वेगळी. एक्सेलच्या तयार आयतालेखात वर्गाची वरची सीमा त्याच वर्गात धरतात. रुंदी 7 दिली आणि सीमा 21, 28, 35 अशा आल्या, तर 28 मिळवणारं मूल ‘21 च्या वर ते 28’ या वर्गात जातं, म्हणजे नापासांच्या स्तंभात. पायथनमध्ये उलट, तिथे खालची सीमा धरतात, फक्त शेवटच्या वर्गात दोन्ही. यावरचा उपाय दहावीच्या बीजगणितात आपण सगळ्यांनी केलेलाच आहे: वर्ग सलग करणे. 28–34 चा वर्ग 27.5–34.5 असा घ्यायचा. कोणताही गुण सीमेवर पडतच नाही, त्यामुळे सॉफ्टवेअर कोणती बाजू धरतं याने फरक पडत नाही. पेपर तपासताना अर्धा गुण देत असतील आणि यादीत 27.5 असेल, तर मात्र हाच आकडा सीमेवर येतो. तेव्हा सीमा 27.75 ला न्यावी.

पायथनमध्ये हे एका ओळीत होतं:

```
plt.hist(marks, bins=np.arange(-0.5, 84, 7))
```

शाळेत एक्सेलच होतं, म्हणून तयार आयतालेख सोडून दिला. D स्तंभात खालचा गुण, E मध्ये वरचा, आणि पुढे हे सूत्र:

```
=COUNTIFS($B$2:$B$129,">="&D2,$B$2:$B$129,"<="&E2)
```

आलेले आकडे असे: 7–13 मध्ये 3, 14–20 मध्ये 9, 21–27 मध्ये 11, 28–34 मध्ये 24, 35–41 मध्ये 20, 42–48 मध्ये 17, 49–55 मध्ये 16, 56–62 मध्ये 12, 63–69 मध्ये 8, 70–76 मध्ये 5. बेरीज 125, जुळली. यावरून साधा Column चार्ट काढला आणि Gap Width 0% केली. फट राहिली तर तो स्तंभालेख दिसतो आणि गुण सलग आहेत हे डोळ्याला जाणवत नाही. शेवटचा वर्ग 77–83 असा होतो, पण पेपर 80 चाच. त्यात चारच गुण शक्य आहेत, बाकीच्यांत सात. तिथे मुलं असती तर तो स्तंभ विनाकारण बुटका दिसला असता. इथे 76 च्या वर कुणीच नव्हतं, म्हणून प्रश्न आला नाही.

आता 11 वरून एकदम 24, ही उडी मला खटकली. असं दिसलं की त्या भागापुरती रुंदी 1 करून पाहतो. 22 वर 2 मुलं, 23 वर 3, 24 वर 3, 25 वर 1, 26 आणि 27 वर कुणीच नाही, 28 वर 11, 29 वर 3, 30 वर 2. म्हणजे तपासणाऱ्यांनी 25 ते 27 च्या मुलांना ओढून 28 वर आणलं होतं. हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. पोलंडच्या मातुरा परीक्षेत उत्तीर्णतेची रेषा 30 टक्क्यांवर आहे, आणि पोलिश भाषेच्या पेपरच्या प्रसिद्ध झालेल्या आलेखांत त्या रेषेच्या अलीकडे असाच खड्डा आणि रेषेवर असाच सुळका दिसतो. रुंदी 7 असताना ही गोष्ट फक्त संशय म्हणून दिसते, रुंदी 1 असताना उघड होते, रुंदी 10 किंवा 11 असताना पूर्ण झाकली जाते. पूर्वपरीक्षेत हे झाकणं मला मुलांच्या हिताचं वाटत नाही. ज्या मुलाला खरे 25 पडलेत, त्याला बोर्डाआधी ते कळायला हवं. म्हणून यादीत वाढीव गुणांचा वेगळा स्तंभ करून घेतला आणि आलेख मूळ गुणांचा काढायला सुचवलं.

तुकड्यांची तुलना करायला बॉक्स प्लॉट सोयीचा. त्यात पहिल्या ते तिसऱ्या चतुर्थकापर्यंत एक पेटी काढतात आणि आत मध्यकाची रेघ. तीन पेट्या शेजारी ठेवल्या की मध्यक कुठे वर, कुठे खाली, हे लगेच दिसतं. पण गुणांच्या बाबतीत त्याच्या दोन मर्यादा इथेच दिसल्या. सगळ्यांच्या एकत्रित पेटीची खालची कड बरोबर 28 वर होती. क्रमाने लावल्यावर 24 वं ते 34 वं मूल 28 वर आहे आणि पहिलं चतुर्थक म्हणजे 32 वं मूल. 28 वर अकरा मुलं एकावर एक उभी आहेत, आणि पेटीत त्याची फक्त एक रेघ झाली. दुसरी मर्यादा अपवादात्मक गुणांची. चतुर्थकांमधल्या अंतराच्या दीडपट पलीकडचे गुण ठिपक्याने दाखवतात. इथे 25 चे दीडपट 37.5. खाली 28 − 37.5 म्हणजे उणे 9.5, वर 53 + 37.5 म्हणजे 90.5. 80 च्या पेपरात या दोन्हींच्या पलीकडे कुणी जाऊच शकत नाही. एखाद्याला 0 पडले असते तरी ठिपका आला नसता. तेव्हा ‘ठिपके नाहीत, म्हणजे कुणी फार मागे नाही’ असा अर्थ काढू नये.

शिवाय एका तुकडीत दोन गट असतील, एक 25 च्या आसपास आणि एक 55 च्या, तर पेटी रुंद दिसते एवढंच, मधला खड्डा दिसत नाही. म्हणून प्रत्येक पेटीखाली त्या तुकडीचा छोटा आयतालेखही ठेवला. पण 41–42 मुलांसाठी 7 ची रुंदी फार बारीक पडते. एकेका स्तंभात दोन-चार मुलं येतात आणि नुसते दात दिसतात. तुकडीसाठी फ्रीडमन-डायकोनिसने साधारण 14 येतात, आणि 14 म्हणजे 7 ची दुप्पट. सीमा 28 वरच राहते आणि मोठ्या आलेखातले दोन स्तंभ मिळून इथला एक होतो. तिन्ही तुकड्यांना तीच रुंदी आणि उभ्या अक्षावर तीच कमाल दिली. एक्सेल प्रत्येक चार्टची कमाल स्वतंत्र ठरवतं, आणि मग 9 मुलांचा स्तंभ 14 च्या स्तंभाइतका उंच दिसतो.

मुख्याध्यापकांनी नापासांचा एकच स्तंभ मागितला होता, 0 ते 27 असा. तो 23 उंचीचा काढला असता तर शेजारच्या 24 च्या स्तंभाइतका उंच आणि चौपट रुंद दिसला असता, जणू अर्धी शाळा नापास. आयतालेखात डोळा क्षेत्रफळ वाचतो. 0–27 मध्ये 28 गुण, म्हणजे सातच्या चार वर्गांएवढी रुंदी, म्हणून उंची 23 ÷ 4 = 5.75 ठेवावी लागते. ही पावणेसहाची उंची पालकांना समजावणं अवघड, म्हणून सगळे स्तंभ 7 चेच ठेवले, 28 च्या डावीकडचे तीन गडद रंगवले आणि त्यांच्यावर ‘28 पेक्षा कमी: 23 विद्यार्थी’ असं लिहिलं. आलेखाखाली एक ओळ टाकली: वर्ग 7 गुणांचा, 28 हे गुण 28–34 या वर्गात धरले आहेत, 3 गैरहजर विद्यार्थी मोजलेले नाहीत.