इतिवृत्तातील एक तारीख

सांगलीतील एका नागरी सहकारी बँकेत संचालक मंडळाच्या लेखापरीक्षण समितीचे इतिवृत्त लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. जूनच्या पहिल्या आठवड्यातील एक बैठक मला आजही तपशीलवार आठवते.

अंतर्गत लेखापरीक्षकांनी हळदीच्या मालतारण कर्जांपैकी 11 खाती तपासली होती. त्यांपैकी 3 खात्यांतील पोती कर्जदारांनी नदीकाठच्या सखल भागातील दुसऱ्या गोदामात हलवली होती. विमा पॉलिसीवर मात्र जुन्याच गोदामाचा पत्ता होता. व्यवस्थापनाचे लेखी उत्तर एका ओळीचे होते : ‘तिन्ही खात्यांचा विमा चालू आहे.’ हे खरे होते, हप्ते भरलेले होते आणि पुराची जोखीमही पॉलिसीत समाविष्ट होती. परंतु मालाचा विमा पॉलिसीत लिहिलेल्या जागेपुरता असतो, त्यामुळे नव्या गोदामात पाणी शिरले असते तर विमा कंपनीला दावा नाकारता आला असता. सांगलीत कृष्णा नदीवरील आयर्विन पुलापाशी 45 फूट ही धोक्याची पातळी आहे आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी तिच्या कितीतरी वर गेले होते, हे त्या टेबलाभोवती कोणालाही सांगावे लागले नाही.

दुरुस्तीसाठी व्यवस्थापनाने 30 सप्टेंबरपर्यंत मुदत मागितली. सर्व मालतारण खाती तपासायला तेवढा वेळ लागेल, हे त्यांचे म्हणणे अवाजवी नव्हते. पण तोवर पावसाळा सरत आलेला असतो. तेव्हा सर्व खात्यांची तपासणी 30 सप्टेंबरपर्यंत आणि या तीन खात्यांतील पत्त्याची दुरुस्ती सात दिवसांत, अशी फोड अध्यक्षांनी केली. जबाबदारी ‘कर्ज विभागाची’ असे मी आधी लिहिले होते, ते खोडून त्या विभागाच्या मुख्य अधिकाऱ्यांचे पद लिहिले, कारण विभागाकडून खुलासा मागता येत नाही.

मसुदा फिरवल्यावर ‘त्रुटी’ऐवजी ‘सूचना’ लिहावे, अशी विनंती व्यवस्थापनाकडून आली. ती मी मान्य केली नाही, कारण बैठकीत समितीने पत्त्याची ती बाब त्रुटी म्हणूनच स्वीकारली होती आणि झालेला निर्णय नंतर सौम्य करणे हे इतिवृत्त लिहिणाऱ्याचे काम नव्हे. एका गोदामाचा क्रमांक मात्र माझ्याकडून चुकला होता, तो मी दुरुस्त केला.

सातव्या दिवशी तिन्ही खात्यांची कागदपत्रे आली. दोन खात्यांत विमा कंपनीने नवा पत्ता नोंदवलेली पुरवणी जोडलेली होती, तिसऱ्यात फक्त कंपनीला पाठवलेल्या अर्जाची प्रत होती. अर्ज केला म्हणजे काम झाले, असे शाखेला मनापासून वाटत होते. लेखापरीक्षकांशी बोलून मी पाठपुरावा तक्त्यात दोन मुद्द्यांपुढे ‘पूर्ण’ आणि तिसऱ्यापुढे ‘प्रलंबित’ असे लिहिले आणि त्याच दुपारी तो तक्ता अध्यक्षांकडे पाठवला.