साल्युतास्यों दिस्तँगे आणि दोन शब्दांचं इंग्रजी

पुण्यात बसून फ्रेंच पत्रांचं इंग्रजी करणं हे माझं रोजचं काम. बहुतेक पत्रं फ्रान्समधल्या खरेदी विभागांची किंवा हिशेब खात्यांची असतात आणि ती चाकणच्या किंवा परदेशातल्या पुरवठादारांना जातात. मजकूर सरळ असतो: माल उशिरा आला, बिलात फरक आहे, तपासणीचा दाखला पाठवा. मी सगळ्यात जास्त अडले ते पत्राच्या शेवटी, सहीच्या अगदी वरच्या वाक्यापाशी.

फ्रेंच औपचारिक पत्र 'आपला' म्हणून संपत नाही, ते एका पूर्ण वाक्याने संपतं. त्याचा ठरलेला साचा असा: 'झ वू प्री दाग्रेए, मस्यू, लेक्स्प्रेस्यों द मे साल्युतास्यों दिस्तँगे'. शब्दाला शब्द ठेवला तर 'महोदय, माझ्या विशेष अभिवादनांची अभिव्यक्ती आपण स्वीकारावी अशी मी विनंती करते'. हेच इंग्रजीत उतरवलं, 'आय बेग यू टू ॲक्सेप्ट, सर, दि एक्स्प्रेशन ऑफ माय डिस्टिंग्विश्ड ग्रीटिंग्ज', की वाचणाऱ्याला वाटतं कुणी तरी थट्टा करतंय किंवा शंभर वर्षांपूर्वीचं पत्र आज पोचलंय. फ्रेंच वाचकाला मात्र त्यात काहीच फुलोरा दिसत नाही. आपल्या पत्रात 'लोभ असावा ही विनंती' असतं, तेव्हा कुणी खरोखर लोभ मागितला असं आपण मानत नाही. हेही तसंच. वाक्य लांब आहे, पण त्याचं काम एवढंच की पत्र संपलं आणि रीत पाळली गेली.

मग ते सरळ 'यूअर्स सिन्सिअरली' करून टाकावं की नाही? करावं, पण आधी त्या वाक्यात काय काय लपलंय ते काढून घ्यावं. मला ही रीत ज्या पत्राने पक्की करून दिली त्याचा शेवट असा होता. फ्रेंच पूर्ण देत नाही, अर्थ देते: 'आपल्या 15 मार्चपूर्वीच्या पुष्टीच्या प्रतीक्षेत, आणि कोणत्याही पूरक माहितीसाठी आपल्या पूर्ण सेवेत राहून, संचालक महोदय, आमच्या विशेष अभिवादनांची अभिव्यक्ती आपण स्वीकारावी अशी विनंती करतो.' एकच वाक्य, त्यात तीन वेगळ्या गोष्टी. पहिली कामाची आहे: पुष्टी हवी, आणि तारीख दिली आहे. दुसरी अर्धी कामाची: विचारायचं असेल तर विचारा. तिसरी निव्वळ रीत.

फ्रेंच माणूस ही तारीख शेवटच्या नम्र वाक्यात सहज टाकतो, कारण त्याचा वाचक ते वाक्य सुरुवातीपासून वाचतो. इंग्रजी वाचक मात्र 'लुकिंग फॉरवर्ड' दिसलं की डोळे पुढे सरकवतो, कारण त्याच्याकडे त्या जागी कामाचं काही नसतंच. तारीख तिथे राहिली तर ती वाचलीच जाणार नाही. म्हणून मी तिला बाहेर काढून वेगळं वाक्य केलं: 'प्लीज सेंड अस यूअर कन्फर्मेशन बिफोर 15 मार्च.' मग दुसरं: 'इफ यू नीड एनी फर्दर इन्फर्मेशन, प्लीज लेट अस नो.' आणि खाली 'यूअर्स सिन्सिअरली'. संचालक महोदयांचं संबोधन गळलं. फ्रेंचमध्ये सुरुवातीला जे संबोधन असेल तेच शेवटच्या वाक्यात पुन्हा घालण्याची रीत आहे. इंग्रजीत ते दुसऱ्यांदा येत नाही. पत्रात त्यांचं आडनाव होतं, म्हणून वर 'डिअर मिस्टर' आणि आडनाव, आणि त्याच्या जोडीला 'सिन्सिअरली'. नाव माहीत नसतं तर 'डिअर सर ऑर मॅडम' आणि खाली 'फेथफुली'. ही ब्रिटिश जोडी आहे. वरचं आणि खालचं जुळलं नाही की जुन्या वळणाच्या वाचकाला ते खटकतं.

त्या 'बिफोर'वर जरा थांबायला हवं. फ्रेंच 'आव्हां ल 15'चा काटेकोर अर्थ 15 तारखेच्या आधी. म्हणजे 15 ला पाठवलेली पुष्टी उशिरा झाली. इंग्रजीत सवयीने लिहिलेल्या 'बाय 15 मार्च'मध्ये मात्र 15 तारीख धरली जाते. फ्रेंच पत्रात 'ओ प्ल्यू तार ल 15' म्हणजे 'उशिरात उशिरा 15 ला' असं असतं तर 'बाय' चाललं असतं. शेवटचं वाक्य हलकं करण्याच्या नादात एक दिवस बदलला, तर पुढे दंडाच्या कलमाचा वाद होऊ शकतो. म्हणून शेवटाची काटछाट करताना तारीख, रक्कम आणि अट या तीन गोष्टी मी आधी अधोरेखित करते आणि नंतरच कात्री चालवते.

माझं भाषांतर परत आलं. ग्राहकाकडच्या तपासणाऱ्या बाईंनी शेरा मारला होता: 'शेवटच्या वाक्यातले बरेच शब्द सुटलेत.' त्या फ्रेंच होत्या आणि त्यांच्या नजरेने बघितलं तर शब्द खरंच सुटले होते. मी फोन करून म्हटलं, "मॅडम, समजा मी हे सगळं इंग्रजीत ठेवलं, तर तुमच्या चाकणच्या पुरवठादाराला काय वाटेल? तुम्ही त्याला खिजवताय." त्या हसल्या. "पण आमचे साहेब म्हणतील, सभ्यता कमी झाली." ही अडचण खरी होती. मी सुचवलं की सभ्यता शेवटातून काढून मजकुरात घालू. तारखेच्या वाक्यात 'प्लीज' आहेच. पत्रात जिथे 'नू वू सोर्यों ग्रे', म्हणजे 'आम्ही आपले आभारी राहू', असं होतं तिथे मी 'वी वुड बी ग्रेटफुल इफ' ठेवलं होतं, तेही त्यांना दाखवलं. आदर कमी झाला नव्हता, फक्त त्याने जागा बदलली होती. त्यांना पटलं. त्यानंतर मी भाषांतरासोबत एक ओळीची टीप देऊ लागले, की शेवटचा साचा इंग्रजी रूढीप्रमाणे बदलला आहे. ती टीप असली की शेरे येत नाहीत.

सगळं 'सिन्सिअरली'त बसवलं की काम संपलं, असं मात्र नाही, कारण फ्रेंच शेवट तापमानही सांगतो. एकाच हिशेब खात्यातून एकाच बिलाबद्दल आलेली ई-पत्रं बघा. पहिल्यात खाली 'कोर्दियालमाँ', म्हणजे 'स्नेहपूर्वक', कधी 'ब्याँ कोर्दियालमाँ'. ही रोजची, सहकाऱ्यांमधली पातळी. इंग्रजीत 'काइंड रिगार्ड्स'. बिल थकल्यावर त्याच माणसाच्या ई-पत्रात 'कोर्दियालमाँ' गायब होऊन नुसतं 'साल्युतास्यों दिस्तँगे' येतं. आणि शेवटी येतं ते रीतसर नोटीस देणारं पत्र, ज्याला फ्रेंचमध्ये मीझ आं दमर म्हणतात. फ्रेंच दिवाणी संहितेच्या 1344-1 कलमाप्रमाणे पैशाच्या देण्यावर अशा नोटिशीपासून विलंबाचं व्याज सुरू होतं. त्याच्याही खाली ते लांब, सभ्य वाक्य पूर्णच्या पूर्ण असतं. नवख्या भाषांतरकाराला वाटतं, पत्र मऊ झालं. झालंय उलटं. रीत जितकी पूर्ण, तितकं अंतर जास्त.

इंग्रजीत हे तापमान शेवटच्या दोन शब्दांत नीट धरता येत नाही. 'काइंड रिगार्ड्स' वरून 'रिगार्ड्स' वर आलात तर काहींना थंडी जाणवते, काहींना नाही. म्हणून नोटिशीच्या वेळी मी शेवट साधा, 'यूअर्स फेथफुली' किंवा 'यूअर्स सिन्सिअरली' ठेवते आणि कडकपणा मजकुरात पाहते: रक्कम, बिल क्रमांक, मुदत आणि 'ही नोटीस आहे' हे वाक्य, सगळं अगदी स्पष्ट. 'वॉर्म रिगार्ड्स' तर अशा पत्राखाली कधीच नाही. काही पत्रांवर 'सू तुत रेझेर्व्ह' असंही असतं, म्हणजे सर्व हक्क राखून. त्याला सवयीने 'विदाउट प्रेज्युडिस' लिहू नये. इंग्रजी कायद्यात ते शब्द तडजोडीच्या बोलण्यांना लागतात आणि तो मजकूर सहसा न्यायालयापुढे पुरावा म्हणून ठेवता येत नाही. नोटीस तर नेमकी पुरावा म्हणूनच हवी असते! तिथे 'वी रिझर्व्ह ऑल अवर राइट्स' बरं.

आदराच्या पायऱ्याही असतात. 'साँतिमाँ देव्हुए', म्हणजे निष्ठेच्या भावना, हे विक्रेत्याने ग्राहकाला लिहावं. 'साँतिमाँ रेस्पेक्त्यू' खालच्याने वरच्याला. आणि जुन्या शिष्टाचाराप्रमाणे पुरुषाने बाईला 'साँतिमाँ' पाठवू नयेत, त्यापेक्षा अभिवादन पाठवावं, हा तर गमतीचाच भाग. इंग्रजीत या सगळ्या एकाच पायरीवर येतात आणि येऊ द्याव्यात. अपवाद मला एकच माहीत आहे: राजनैतिक टिपणं. तिथे 'ओत कोंसिदेरास्यों'ला, म्हणजे 'उच्च आदरा'ला, इंग्रजीतही 'दि ॲश्युरन्सेस ऑफ इट्स हायेस्ट कन्सिडरेशन' असंच लिहितात, आणि ते फुलोऱ्याचं वाटत नाही, कारण त्या दुनियेची इंग्रजी रीतही तीच आहे.

'ब्याँ आ वू' ने मात्र बऱ्याच जणांना फसवलंय. शब्दशः ते 'तुमचाच', म्हणून हात 'यूअर्स'कडे जातो; पण इंग्रजी व्यावसायिक ई-पत्रात सुटं 'यूअर्स' एक तर फार जुनाट वाटतं, नाही तर फार जवळचं. मी तिथे 'बेस्ट रिगार्ड्स' घालते. आणि पत्र अमेरिकेत जाणार असेल तर 'फेथफुली' काढून 'सिन्सिअरली' एवढंच ठेवते, वरती 'डिअर' नंतरचा स्वल्पविराम काढून तिथल्यासारखा अपूर्णविराम घालते. भारतातल्या पुरवठादाराला जाणार असेल तर 'फेथफुली' बिनधास्त चालतं. फक्त आपल्या कचेऱ्यांच्या सवयीचं 'थँकिंग यू' त्याच्या आधी कुणी चिकटवत नाही ना, ते शेवटच्या वाचनात बघावं लागतं. मुळात 'मेर्सी दाव्हांस', म्हणजे 'आगाऊ आभार', असेल तर ठीक, नसेल तर ते खोडायचं.