तीन पेनं आणि कपभर चहा

मंगळवार, रात्र

पिग्मी एजंटाची गोष्ट आज तिसऱ्यांदा लिहून झाली आणि पहिल्यांदाच ती जागेवर बसली असं वाटलं.

नायक वसंता. साल १९९६, तालुक्याचं गाव. पतसंस्थेसाठी तो दुकानादुकानातून रोजची पिग्मी गोळा करतो. चहावाल्या शांताकाकू रोज पन्नास रुपये देतात. त्यांच्या कार्डावर तो पन्नासच लिहितो, संस्थेत मात्र तीसच भरतो. वर्षाचे तीनशे दिवस धरले तरी एका खात्यातून सहा हजार होतात. कुणाची ठेव मोडायची वेळ आली की त्या दिवशी इतरांकडून जमलेल्या पैशातून खड्डा बुजवायचा.

पहिल्या खर्ड्यात मी वसंताला दारुडा बाप आणि अर्धवट सुटलेली शाळा दिली होती. चूक तिथेच झाली. वाचणाऱ्याला त्याची कीव आली, आणि कीव आली की माणूस लांब उभा राहून हळहळतो, त्यात सामील होत नाही. तो सगळा भाग मी काढला. दुसऱ्या खर्ड्यात त्याला फक्त वाईट सावकारांना लुटायला लावलं. मग तो गरिबांचा कैवारी झाला. तशा माणसाच्या बाजूने उभं राहायला वाचकाला काहीच किंमत मोजावी लागत नाही.

आता त्याच्याकडे एकच गुण ठेवलाय, लक्ष. कुणाच्या मुलाचा दहावीचा गणिताचा पेपर कधी आहे, कुणाच्या सासऱ्यांना साखर चालत नाही, हे तो विसरत नाही. 'तो लाघवी होता' असं कुठेही लिहिलेलं नाही. लोक त्याच्यासाठी गल्ल्यामागचं स्टूल पुढे सरकवतात, एवढंच दिसतं. हेच लक्ष त्याची चोरीही चालवतं: कोण कार्ड तपासतं आणि कोण न बघता खिशात घालतं, हे त्याला त्यातूनच कळतं.

गोष्टीचा कणा म्हणजे ऑडिटचा प्रसंग. हिशेबतपासनीस दहा खातेदारांची कार्डं मागवतो, खतावणीशी ताळा करायला. त्यात काकूंचं कार्ड आहे. वसंताकडे एकच रात्र. नवं कार्ड, रोजचे तीस-तीस. पण वर्षभराच्या नोंदी एकाच शाईच्या कशा असतील? म्हणून तीन पेनं. मधेच दोन दिवस कोरे, कारण काकू तेव्हा पंढरपूरला गेल्या होत्या; हे त्याच्या लक्षात आहे. तरी कार्ड कोरं करकरीत दिसतं. सकाळी तो काकूंच्याच टपरीवर जातो आणि बोलता बोलता कप कलंडवतो. काकू 'अगं बाई' म्हणत पदराने कार्ड पुसतात आणि त्याला परत देतात.

हे लिहिताना हिचकॉकचा 'सायको' (१९६०) हा सिनेमा डोळ्यांपुढे होता. दलदलीत ढकललेली गाडी बुडता बुडता क्षणभर थांबते, आणि आपला श्वास अडकतो. गाडीत मेलेली बाई आहे हे आपल्याला पक्कं माहीत असतं, तरी ती बुडावी असं वाटतं. समोरचा माणूस अवघड काम जीव लावून करत असला की आपण नकळत त्याच्या कामाला हात लावतो. म्हणून पेनांना आणि चहाला मी अख्खं पान दिलं, चोरीला दोन ओळी.

आणि चौथ्या पानावर, दुकानदारांच्या थट्टामस्करीत, काकूंचं एक वाक्य पेरलं: "श्रावणात ठेव मोडायचीय रे, डोळ्याचं ऑपरेशन करायचंय." वसंता हसून 'हो काकू' म्हणतो आणि गप्पा पुढे सरकतात. हे वाक्य लपवायचं नाही, फक्त गर्दीत ठेवायचं. लपवलं असतं तर वाचकाची फसवणूक झाली असती, त्याला कशाची जबाबदारीच राहिली नसती.

संध्याकाळी ताईला वाचायला दिलं. मी समोर बसून भाजी निवडत होते. ऑडिटच्या पानावर ती थांबली आणि म्हणाली, "अगं, सुट्टीच्या दिवशी नोंद नको पडायला. कॅलेंडर बघून घे म्हणावं त्याला." ती मला सुचवत नव्हती, वसंताला सावध करत होती. माझ्या हातातली गवारीची शेंग तशीच राहिली.

शेवटच्या पानावर श्रावण येतो. काकू खिडकीशी उभ्या राहतात, कारकून रक्कम सांगतो. काकू कार्ड डोळ्यांजवळ नेतात, मग लांब धरतात.

ताई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्यांना दिसत नव्हतं म्हणून कार्ड पुसताना कळलं नाही?"

"हो."

"आणि डोळ्याचं आधी आलं होतं?"

मी काही बोलले नाही. तिने पानं उलटी चाळली, चौथ्यावर थांबली, ते वाक्य बोटाने दाबून धरलं. "मी वाचलं होतं हे," ती म्हणाली.

शेवटी वसंता रडतो तो परिच्छेद आत्ताच खोडला. उद्या सुट्ट्यांच्या तारखा १९९६च्या कॅलेंडरवरून तपासायच्या आहेत.