पोचणे की पोहोचणे

«कोशात दोन्ही रूपं दिलीत. मग त्यातलं बरोबर कुठलं? इतकी वर्षं मुद्रितं तपासताय, एक काय ते सांगून टाका ना!»

एके काळी टाकत होते सांगून. कोश उघडायचा, ज्या रूपापुढे अर्थ दिलाय ते बरोबर, ज्याच्यापुढे नुसतं ‘पहा’ आहे ते चूक, विषय संपला. माझ्या या झटपट निवाड्यांचं तेव्हा कौतुकही व्हायचं. आज कुणी विचारलं की मी आधी ‘कुठला कोश?’ असं विचारते, आणि समोरच्याचा चेहरा पडतो. बाई टाळतायत असं वाटतं. टाळत नाही हो. एकदा चांगलीच तोंडावर पडलेय, म्हणून विचारते.

एका ज्येष्ठ कवींचा संग्रह माझ्याकडे आला होता. कविता आणि अधेमधे थोडं गद्य. त्यांनी सगळीकडे ‘पोचणे’ लिहिलं होतं. माझ्याजवळच्या जुन्या कोशात ‘पोचणें’पुढे अर्थ नव्हता, ‘पहा पोहोंचणें’ एवढंच होतं. मला तेवढं पुरलं. मजकूर संगणकावर होताच. ‘पोच’ शोधून त्या जागी ‘पोहोच’ घालायला सांगितलं आणि एका दमात सगळं ‘शुद्ध’ केलं. दुसरं मुद्रित कवींकडे जायला हवं होतं, घाईत गेलं नाही. पुस्तक छापून, बांधून झालं.

मग ते स्वतः आले. चिडलेले नव्हते, तेच जास्त लागलं. पुस्तक उघडून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. मूळ ओळ होती, ‘दारापाशी पोचलो मी’. म्हणाले, “मोजा.” मी मोजली. दा-रा-पा-शी-पो-च-लो-मी, आठ अक्षरं. कविता अष्टाक्षरी होती. छापलेल्या ओळीत ‘पोहोचलो’, म्हणजे नऊ. असं एकाच ओळीत नव्हे, पाच कवितांत झालं होतं. मग त्यांनी गद्याचं पान काढलं. तिथे ‘त्याला काडीचा पोच नाही’ असं वाक्य होतं, आणि मी छापलं होतं ‘काडीचा पोहोच नाही’. पोच म्हणजे समज, तारतम्य. पोहोच म्हणजे हात किंवा मजल जिथवर जाते ती, आणि ती स्त्रीलिंगी. माझ्या वाक्याला धड अर्थ नव्हता आणि धड लिंगही.

मी कोशाचं नाव पुढे केलं. (वकील नसला की माणूस कोशाचं नाव पुढे करतो.) त्यांनी कोश मागितला, नोंद वाचली आणि शांतपणे विचारलं, “बाई, कोशाचंच ऐकायचं होतं तर ‘पोहोंचलों’ का नाही छापलंत? दोन अनुस्वार तुम्ही गिळलेत ते कुणाच्या परवानगीनं?”

मला उत्तर देता आलं नाही. आज देता येतं, पण ते आता इथे नाहीत.

उत्तर असं, की त्या नोंदीत दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या होत्या आणि मी त्या वेगळ्या केल्या नव्हत्या. एक म्हणजे शब्दाचं रूप, हकार आहे की नाही ते. दुसरी म्हणजे तो शब्द लिहायची त्या काळची पद्धत. दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ 1932 ते 1938 या काळात आला. मोल्सवर्थच्या कोशाची दुसरी आवृत्ती तर 1857ची. साहित्य महामंडळाचे लेखननियम 1962चे, त्यांत 1972 साली चारांची भर पडून ते अठरा झाले. त्यामुळे जुन्या कोशात ‘कांहीं’, ‘करणें’, ‘कवि’ दिसतं ते कोशकाराचं त्या शब्दापुरतं मत नसतं, तेव्हा सगळेच तसं लिहीत. अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ यांचा निकाल आज नियमांवरून लावायचा, जुन्या शीर्षशब्दावरून नाही. हे मी अनुस्वारांच्या बाबतीत नकळत केलंच होतं. हकाराच्या बाबतीत मात्र त्याच नोंदीला देववाणी मानलं.

आणि ‘पहा’? ‘पहा’चा अर्थ एवढाच, की अर्थ तिकडे दिलाय. एकच अर्थ दोनदा छापून पानं कशाला वाढवायची, म्हणून कोशकार एका रूपाकडे बोट दाखवतो. ते रूप त्याला जास्त रुळलेलं वाटलं असेल, कदाचित मुळाशी जवळचं वाटलं असेल. दुसरं त्याज्य असेल तर बहुधा तसं वेगळं सांगितलेलं असतं. गंमत म्हणजे हा ‘पहा’ स्वतःच पर्यायी रूप आहे. नियमांत ‘पाहणे’ घ्या, ‘पहाणे’ नको असं आहे, पण आज्ञार्थात ‘पाहा’बरोबर ‘पहा’ही चालतं. म्हणजे ज्या खुणेवरून मी दुसऱ्यांचं पर्यायी रूप खोडत होते, ती खूणही सवलतीवरच उभी होती.

दोन रूपं शेजारीशेजारी, स्वल्पविराम देऊन छापलेली असतील तर मी आता वर्णक्रम बघते. ‘च’ आधी, ‘ह’ नंतर. तेव्हा ‘पोचणे, पोहोचणे’ असा क्रम असेल तर त्यातून काहीच कळत नाही, तो नुसता वर्णक्रम असू शकतो. ‘पोहोचणे, पोचणे’ असा असेल तर मात्र कुणीतरी मुद्दाम क्रम मोडलाय, पहिल्याकडे थोडा कल आहे. हे मी इंग्रजीवरून उचललं. मेरियम-वेबस्टरच्या कॉलेजिएट कोशात सुरुवातीच्या टिपांमध्ये हे स्पष्ट लिहिलंय. ‘ऑर’नं जोडलेली रूपं बरोबरीची, त्यांचा वर्णक्रम उलटा असेल तर पहिलं किंचित जास्त वापरातलं, ‘ऑल्सो’नंतरचं कमी वापरातलं, पण तेही प्रमाणच. आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत असं काही सांगितलं नसेल तर माझा हा तर्क तर्कच राहतो, हेही खरं.

कंसातल्या खुणांचंही तेच. (व.) म्हणजे वऱ्हाडात, (गो.) म्हणजे गोव्यात. शब्द कुठे राहतो ते सांगणारी ती पाटी आहे. गुन्हा नोंदवलेला नाही.

इतकं सगळं कळूनही माझ्यातली ती जुनी बाई गप्प बसत नाही. ती म्हणते, वीस लेखकांच्या संग्रहात प्रत्येकाचं वेगळं कसं ठेवशील? तिचं चूक नाही. अशा वेळी मी कोशात आधी दिलेलं रूप घेते, कामाच्या कागदावर लिहून ठेवते आणि शेवटपर्यंत तेच चालवते. ते जास्त बरोबर आहे म्हणून नाही, कुठलंतरी एक ठरवावं लागतं म्हणून. पण एकट्या लेखकाचं पुस्तक असेल तर? तिथे त्याचंच रूप ठेवते. आणि त्यानंच दोन्ही वापरली असतील तर?

तेच आत्ता समोर आहे. डाव्या पानावर ‘पोचली’, उजव्या पानावर ‘पोहोचली’, लेखिका तीच, गाडीही तीच. समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढलंय. या वेळी मुद्रित तिच्याकडे जाणार आहे.