हाडासकट मांडी: 70 वर अडकणारा आकडा अखेर हलला

मंडळी, ओव्हनमध्ये हाडासकट भाजलेली बोकडाची मांडी जमली. पातळ काप पडले, सुरीखाली एकही फाटला नाही आणि हाडालगतचं मांससुद्धा सहज चावलं गेलं. इथवर यायला इतके महिने लागले, म्हणून हा अहवाल जरा लांब आहे.

साहित्य मागचंच: 60 लिटरचा ओटीजी, दोन दाती बोकडाची मागची मांडी, वजन 1.8 किलो. शहापूरच्या आमच्या खाटकाचा प्रश्न दरवेळी तोच असतो, "अक्का, नळी मोडायची नाही म्हणताय, मग ओव्हनात बसतंय कसं?" गुडघ्याखालचा भाग सांध्यातून वेगळा करून घ्यायचा, तो रश्शाला जातो, आणि वरची मांडी तिरकी बसते. नळीला मात्र हात लावायचा नाही. त्यामागे दिसण्याची हौस नाही. मटण ताठर होण्याआधीच, म्हणजे कापल्यावर पहिल्या काही तासांत, फ्रिजमध्ये 10 अंशांखाली गेलं तर स्नायू आखडतात आणि ते चिवटपण नंतर शिजवून पुरतं जात नाही. हाडाला धरून असलेला स्नायू कमी आखडतो. म्हणून मी पहाटे कापलेलं, दुकानात टांगलेलं मटण शनिवारी दुपारच्या सुमारास आणते, किलोला 12 ग्रॅमच्या हिशेबाने मीठ चोळून रात्रभर फ्रिजमध्ये उघडं ठेवते आणि रविवारी सकाळी लावते.

आता मुख्य त्रासाकडे. मांडीत खोचलेल्या थर्मामीटरचा आकडा 66-67 अंशांपर्यंत झपाट्याने चढायचा आणि मग 70 च्या आसपास जागचा हलायचाच नाही. अर्धा तास गेला तरी एकाच अंशाची हालचाल. वरून मांडी सुंदर तांबूस दिसते, वासाने घर भरतं, आणि घरातले सगळे "झालं की, काढा" म्हणायला लागतात. नेमकं तिथेच काढलं की ती सर्वांत वाईट लागते.

हे का, ते नीट मांडते, कारण आपल्यातले बरेचजण परदेशी पाककृती वाचून 60 वर काढायला जातात. तिकडचं कोवळं, काही दिवस टांगून मुरवलेलं लॅम्ब 57 ते 60 वर गुलाबी आणि मऊ लागतं. अमेरिकेच्या कृषी खात्याने अख्ख्या तुकड्यासाठी 63 अंश आणि वर 3 मिनिटं विसावा सांगितला आहे, पण ती सुरक्षिततेची मर्यादा आहे. ती मऊपणाची हमी देत नाही. आपल्या दोन दाती बोकडाचे स्नायूंमधले पापुद्रे पक्के असतात. ते 60 वर तसेच राहतात आणि मटण रबरासारखं ताणतं. पुढे 70 ते 75 दरम्यान तंतू आखडून पाणी पिळून टाकतात, पण पापुद्रे अजून विरघळलेले नसतात. म्हणजे रसही गेला आणि चिवटपणाही राहिला. 80 च्या पुढे मात्र पापुद्रे वेगाने चिकट रसात बदलतात आणि 90 च्या आसपास मांडी सैल होते. आपल्याकडच्या मटणासाठी मधला मुक्काम नाही. एकतर फार कोवळं पिल्लू शोधा, नाहीतर थेट 90 गाठा.

आणि तो आकडा 70 वर अडकतो कशाने? मांडीच्या पृष्ठभागावरून सतत पाणी उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. ओव्हन जेवढी उष्णता देतो, तेवढीच वाफेबरोबर निघून जाते, म्हणून आतलं तापमान थांबतं. पंखा चालू असेल तर हे आणखी लांबतं, वरचा थर आणखी सुकतो. त्यावर नॉब वाढवण्याचा मोह होतो, पण मग बाहेरचा बोटभर थर सुकून जातो आणि आत फारसा फरक पडत नाही.

उपाय साधा निघाला: 66 झाले की मांडी बाहेर काढायची, खाली अर्धी वाटी गरम पाणी घालून जाड फॉइलच्या दोन थरांत घट्ट गुंडाळायची आणि परत आत. वाफ बाहेर जात नाही, थंडावा थांबतो, आकडा चढत राहतो. या रविवारचा क्रम असा: ओव्हन खरोखरच्या 140 वर. खरोखरच्या म्हणते, कारण माझा नॉब 125 वर असतो तेव्हा आत टांगलेला थर्मामीटर 140 दाखवतो. नॉबवर विश्वास ठेवणाऱ्यांनी आधी हे तपासा. आठ वाजता लावली, पंखा बंद. दहाला 66. गुंडाळून परत ठेवली आणि बाराच्या आत 91. काढायच्या आधी सळई घालून पाहिली, लोण्यात घातल्यासारखी गेली. आकडा 88 असो की 93, शेवटचा निर्णय सळईने घ्यायचा.

खोचायची जागा महत्त्वाची. टोक हाडाला टेकलं की भलताच आकडा येतो. सर्वांत जाड भागात, नळीपासून बोटभर अंतरावर खोचा. घड्याळाच्या काट्यासारखे डायलचे थर्मामीटर या कामाला फार मंद आहेत. वायर दारातून बाहेर येणारा डिजिटल घ्या, एवढं माझं ठाम मत आहे.

विसाव्याबद्दल माझं मत आता पक्कं झालंय. 91 वर कापली तर मांडी सुरीखाली दोऱ्यादोऱ्यांनी सुटते आणि रस ताटात पळतो. फॉइल न उघडता, वर टॉवेल टाकून, 65 ते 70 पर्यंत उतरू द्यायची. मला सव्वा तास लागला. तोवर चिकट रस घट्ट होतो आणि तंतूंना धरून ठेवतो, म्हणून काप पडतात. पाहुणे उशिरा येणार असतील तर टॉवेलात बांधून आइस बॉक्समध्ये ठेवा, फक्त 60 च्या खाली जाऊ देऊ नका. कापताना नळी आडवी ठेवून तिच्याशी काटकोनात खाली यायचं, मग हाडालगत सुरी फिरवून काप सोडवायचे.

कच्ची पपई विचारणाऱ्यांसाठी: नको. तिचा रस काही मिलिमीटरच आत जातो आणि 60-70 अंशांत जोरात काम करतो. इतका वेळ त्याच पट्ट्यात राहिलेला वरचा थर लगदा होतो.

एक कमी राहिली. फॉइलमध्ये वरचा रंग ओला पडतो. विसाव्याआधीच भाजून घ्यावी असं ठरवलं होतं, पण लिहितालिहिता उलटं सुचतंय. विसावा झाल्यावर, 65 ला, फॉइल उघडून ओव्हन 240 वर तापवायचा, ओव्हनच्या तापणाऱ्या दोन्ही सळया चालू. फॉइलमध्ये जमलेला रस आटवून त्यात कांदा-लसूण मसाला कालवायचा, मांडीवर फासायचा आणि 8-10 मिनिटं. मसाला शेवटी लागल्यामुळे जळणार नाही, आणि आतला आकडा तेवढ्यात फार चढू नये. नंतर लगेच कापायची, दुसरा विसावा नको.

हे बोकडावरच करून बघते. त्यानंतर मेंढीची मांडी आणायची आहे. तिला चरबी जास्त असते, त्यामुळे 91 ऐवजी 86-87 लाच सळई आत जाते का, हे पाहायचं आहे. खानापूर किंवा चिकोडीकडच्या कुणी मेंढी लावली असेल तर वय आणि काढतानाचा आकडा नक्की कळवा.